पॅनेलवर पीएफ 0.99 दिसतो आणि बिलात 0.88 येतो, वर एमडी पण क्रॉस होतो: एचटी बिलातली ही दोन भोकं कशी शोधायची

हा प्रॉब्लेम एमआयडीसीतल्या लहान-मध्यम कारखान्यांत इतका पुन्हापुन्हा येतो की एकदाच नीट लिहून ठेवतो. तक्रार साधारण अशी असते: एपीएफसी, म्हणजे कपॅसिटर आपोआप टाकणारं-काढणारं पॅनेल आहे, रिलेवर दिवसभर 0.98, 0.99 दिसतंय, तरी महावितरणच्या बिलात पॉवर फॅक्टर म्हणजे पीएफ 0.9 च्या खाली. आणि काँट्रॅक्ट डिमांड 350 असताना कुठून तरी 400 च्या वर एमडी, म्हणजे महिन्यातली सर्वात मोठी डिमांड, लागलेला, तोही दर महिन्याला. मेंटेनन्सवाला म्हणतो मीटर खराब आहे, पॅनेलवाला म्हणतो कपॅसिटर वाढवा, आणि शेठ दर महिन्याला लाखाच्या वर जास्तीचे भरत राहतात. बहुतेक वेळा मीटर बरोबर असतो, आणि कपॅसिटर वाढवले तर बिल अजून वाढतं.

खाली जी केस घेतलीय ती इंजेक्शन मोल्डिंगच्या एका युनिटची. 11 केव्ही सप्लाय, मीटरिंग एचटी साइडला, 630 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, दहा मशीन, दोन शिफ्ट, रविवार बंद.

आधी बिल काय म्हणतंय ते बघू. 1 एप्रिल 2020 पासून महावितरणच्या एचटी ग्राहकांना युनिट केव्हीएएचवर लागतं, केडब्ल्यूएचवर नाही. त्यामुळे पीएफ पेनल्टीची वेगळी लाइन बिलात दिसत नाही आणि लोकांना वाटतं पेनल्टी गेली. ती गेलेली नाही, ती युनिटमध्येच शिरलीय. पीएफ जितका खाली तितकी केव्हीएएच युनिटं जास्त, आणि त्यावर एनर्जी चार्ज लागतो. (ज्यांचं बिल अजून केडब्ल्यूएचवर आहे त्यांना मात्र 0.9 च्या खाली गेल्यावर पेनल्टी वेगळी दिसते, पण कारणं आणि उपाय हेच.)

खरी मेख फॉर्म्युल्यात आहे. लॅग म्हणजे मोटरसारख्या लोडने घेतलेली रिअॅक्टिव्ह पॉवर, लीड म्हणजे जास्तीच्या कपॅसिटरने उलटी दिलेली. 2018 च्या सप्टेंबरमधल्या राज्य वीज नियामक आयोगाच्या, म्हणजे एमईआरसीच्या ऑर्डरपासून लीड पण मोजायला लागले, आणि केव्हीएएच काढताना लॅग आणि लीड यांची बेरीज होते. वजाबाकी नाही, बेरीज.

```
kVAh = √( kWh² + (RkVAh lag + RkVAh lead)² )
PF   = kWh / kVAh
```

म्हणजे दिवसा तुम्ही थोडं लॅग खाल्लं आणि रात्री कपॅसिटर चालू ठेवून लीड परत दिलं तर ते एकमेकांना कटत नाही, दोन्ही तुमच्या डोक्यावर बसतात. पूर्वी लीडकडे कोणी बघत नव्हतं, रात्री कपॅसिटर चालू राहिले तर राहिले, तीच सवय कित्येक कारखान्यांत अजून चालू आहे.

या युनिटच्या बिलात महिन्याचे आकडे साधारण असे होते: केडब्ल्यूएच 90,000, लॅग 22,000, लीड 26,000. लॅग आणि लीड मिळून 48,000, त्यावरून केव्हीएएच येतं 1,02,000 आणि पीएफ 0.882. आता फक्त लॅग धरून बघा, पीएफ 0.97 येतो! म्हणजे कामाच्या वेळेत कारखाना तसा बरा चालत होता, बिल बिघडवत होतं ते लीड. 90,000 युनिटच्या कामाला 1,02,000 युनिटचे पैसे जात होते, 12,000 युनिट हवेत. हिशोबाला 8 रुपये दर धरला तरी महिन्याला 96 हजार.

म्हणून पीएफची तक्रार आली की पहिलं काम म्हणजे बिलावर RkVAh LAG आणि RkVAh LEAD हे दोन आकडे वेगवेगळे वाचायचे. लॅग मोठं असेल तर कपॅसिटर कमी पडतायत किंवा मेलेत. लीड मोठं असेल तर नको त्या वेळी कपॅसिटर चालू आहेत. दोन्ही मोठे असतील, जसे इथे आहेत, तर एपीएफसी नावालाच ऑटोमॅटिक आहे, लोडच्या मागे तो जातच नाहीये.

आता लीड कधी येतं ते शोधायचं. दोन शिफ्ट आणि रविवार बंद म्हणजे महिन्यात बंद तास झाले साधारण 300. 26,000 ला 300 ने भागा, सरासरी 85 च्या आसपास केव्हीएआर. म्हणजे कारखाना बंद असताना रोज रात्री आणि अख्खा रविवार जवळपास शंभर केव्हीएआर कपॅसिटर कुठेतरी लाइनवर लटकलेले आहेत, हे पॅनेलला हात लावायच्या आधी कागदावरच कळतं. (ट्रान्सफॉर्मर स्वतः बिनलोडचा पण दहाएक केव्हीएआर लॅग घेतो, ते वजा जातं, म्हणून मीटरला 85 दिसतात.)

खात्री करायची तर रविवारी दुपारी जाऊन एलटी मेन इनकमरचा अँपिअर बघायचा. सगळी मशीन बंद, ऑफिस बंद, वॉचमनचे दिवे आणि एखादा पंप, एवढ्याला किती करंट हवा? दहा-पंधरा अँपिअर. इथे दिसत होता सव्वाशेच्या आसपास. तो सगळा कपॅसिटरचा. आणि सुट्टीच्या दिवशी व्होल्टेज चढलेलं असतं, कपॅसिटरचं आउटपुट व्होल्टेजच्या वर्गाने बदलतं, त्यामुळे 415 ला जे 22 केव्हीएआर देतं तेच 435 ला 24 च्या वर जातं.

मग रिलेवर 0.99 कसा दिसतो? इथे रिलेला करंट दाखवणाऱ्या सीटीची भानगड होती. एपीएफसी रिलेचा सीटी मेन इनकमरवर हवा, म्हणजे कारखान्याचा सगळा करंट त्यातून गेला पाहिजे. इथे तो मोल्डिंग शॉपच्या फीडरवर होता, आणि चिलर व कॉम्प्रेसर नंतर वाढवलेले, त्यांची केबल सीटीच्या आधीच काढलेली. त्यामुळे रिलेला चिलर-कॉम्प्रेसरचं लॅग दिसतच नव्हतं, तो आपल्यापुरतं 0.99 करून गप्प बसायचा. महावितरणचा मीटर एचटीला बसून सगळं मोजतो. रात्री मोल्डिंग शॉप बंद झालं की डिस्प्लेकडे बघायलाच कोणी नसायचं, त्यामुळे कोणाला शंका पण यायची नाही. तुमच्याकडे रिले आणि बिल जुळत नसेल तर वायरमनला आधी सीटी कुठे बसलाय ते हाताने केबल धरून दाखवायला सांगा, ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका. सीटी उलटा असेल किंवा चुकीच्या फेजला असेल तर रिले लॅगला लीड समजतो. ओळखायची खूण सोपी आहे: एक स्टेप मॅन्युअली टाकली की पीएफ युनिटीकडे सरकायच्या ऐवजी लांब जातो.

यानंतर पॅनेलमधले कपॅसिटर. रिले ऑफ केला, सगळ्या स्टेप सोडल्या, आणि एकेका स्टेपवर क्लॅम्प मीटर लावला. 440 व्होल्टचा 25 केव्हीएआर कपॅसिटर 415 व्होल्टला तिन्ही फेजला साधारण 31 अँपिअर घेतो, 50 चा 62. हे दोन आकडे पॅनेलच्या दाराला चिकटवून ठेवा, कायम कामाला येतात. रिले ऑफ असताना शून्य दिसायला हवं, तर 50 ची एक आणि 25 ची एक स्टेप पूर्ण करंट घेत होती. काँटॅक्टर चिकटलेले. कपॅसिटरला साधा पॉवर काँटॅक्टर लावला की हे होतंच, कारण कपॅसिटर टाकताना पहिल्या क्षणी प्रचंड करंट येतो आणि काँटॅक्ट वेल्ड होतात. इथे डॅम्पिंग रेझिस्टरवाला कपॅसिटर ड्युटी काँटॅक्टरच हवा. शिवाय इनकमरवर 25 चा एक फिक्स कपॅसिटर डायरेक्ट बसवलेला, तोही चोवीस तास चालू. 50, 25 आणि 25, शंभर झाले. हिशोब जुळला.

उलट बाजूला 50 च्या दोन स्टेप चालू केल्या तर 62 च्या जागी 24 अँपिअर दाखवत होत्या, म्हणजे नावाला 50, कामाला वीसच्या आत. दिवसाचं लॅग त्यामुळे भरून निघत नव्हतं. इथे एक सांगतो, कपॅसिटरला हात लावायच्या आधी सप्लाय काढून निदान पाच मिनिटं थांबा, मग टेस्टरने नाही तर मीटरने व्होल्टेज बघा आणि टर्मिनल शॉर्ट करून डिस्चार्ज झाल्याची खात्री करूनच हात घाला. डिस्चार्ज रेझिस्टर तुटलेला असेल तर चार्ज तसाच बसून राहतो, यात माणसं गेलेली आहेत.

दुरुस्ती अशी झाली. सीटी मेन इनकमरवर आणला, चिकटलेले काँटॅक्टर बदलले, मेलेले दोन 50 काढून त्या जागी 25, 25, 20, 15, 10 आणि 5 अशा लहान स्टेप केल्या. फिक्स 25 काढून 10 चा ठेवला, तो फक्त ट्रान्सफॉर्मरच्या बिनलोड लॅगपुरता. रिलेचं टार्गेट 1.00 वरून 0.99 लॅगवर आणलं. युनिटीवर सेटिंग ठेवलं की रिले सारखा लीडमध्ये जाऊन परत येतो, आणि तो प्रत्येक फेरा लीडच्या खात्यात जमा होतो. लहान स्टेप का, तर सर्वात लहान स्टेप 25 ची असेल आणि रात्री गरज 8 ची असेल तर रिलेकडे दोनच पर्याय, 8 लॅग सोड नाहीतर 17 लीड दे.

अजून दोन ठिकाणी लीड लपून बसतं. एक म्हणजे जुन्या मोटरच्या टर्मिनलवर लावलेले कपॅसिटर. मशीन सर्व्होवर नेलं किंवा मोटरला व्हीएफडी बसवला की त्या लोडला रिअॅक्टिव्ह पॉवर जवळजवळ लागत नाही, पण आधीचा कपॅसिटर फीडरवर तसाच राहतो. (व्हीएफडीच्या आउटपुटला तर कपॅसिटर कधीच चालत नाही, ड्राइव्ह जातो.) ड्राइव्ह आणि सर्व्हो खूप असतील तर हार्मोनिक्समुळे साधे कपॅसिटर गरम होऊन पटापट मरतात, तिथे 7 टक्के रिअॅक्टर आणि त्याला साजेसे जास्त व्होल्टेजचे कपॅसिटर घ्या, नाहीतर दरवर्षी हाच खर्च. दुसरी गोष्ट रूफटॉप सोलरची. सोलर दिवसा केडब्ल्यू देतो, केव्हीएआर महावितरणकडूनच येतो, त्यामुळे ग्रिडमधून घेतलेलं केडब्ल्यूएच घटतं, लॅग तेवढंच राहतं आणि पीएफ पडतो. सोलर लागल्यावर पीएफ खाली आला असं ज्यांचं झालंय त्यांनी कपॅसिटर खराब झाले समजून बदलत बसू नये. आधी सोलरची लाइन सीटीच्या कुठल्या बाजूला जोडलीय ते बघावं.

आता एमडीकडे येऊ. काँट्रॅक्ट डिमांड 350 केव्हीए, लागलेला एमडी 412. टॅरिफ ऑर्डरप्रमाणे नोंदलेल्या डिमांडवर नेहमीचा दर लागतोच, आणि काँट्रॅक्टच्या वरच्या भागावर शिवाय दीडपट जास्तीचा लागतो. म्हणजे वरचे 62 केव्हीए अडीच पट दराने पडतात. हिशोबाला 550 रुपये दर धरला तर 62 चे साधे 34,100 आणि वरचे 51,150, एकूण 85,250 एका महिन्यात. कॅलेंडर वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा क्रॉस झालं तर सप्लाय कोडखाली पुढची कारवाई वेगळी. आणि एमडीची शेपटी पण लांब असते, कारण बिलिंग डिमांड काढताना मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वात मोठ्या डिमांडचे 75 टक्के पण बघतात, काँट्रॅक्ट डिमांडच्या मर्यादेत. म्हणजे इथे एका महिन्यात 350 गाठलं की पुढे मंदीच्या महिन्यात 200 च वापरले तरी 262 च्या खाली बिल येत नाही. शिवाय काँट्रॅक्ट डिमांडचा ठराविक टक्का हा एक तळ वेगळाच आहे, तो टक्का आणि एमडी कुठल्या तासांतला धरायचा हे सध्या लागू असलेल्या ऑर्डरमध्ये बघून घ्या, ऑर्डरप्रमाणे बदलत आलंय.

एमडीबद्दल सर्वात जास्त ऐकू येणारा गैरसमज म्हणजे मोटर स्टार्टिंगमुळे एमडी चढतो. मीटर क्षणाचा करंट धरत नाही, तो सलग 30 मिनिटांची सरासरी काढतो (काही मीटरमध्ये 15, लोड सर्व्हेच्या स्लॉटवरून लगेच कळतं). 37 किलोवॅटची मोटर सहा पट करंट घेऊन आठ सेकंदात सुरू झाली तर अर्ध्या तासाच्या सरासरीत त्याने एक-सव्वा केव्हीए वाढतो, बस. त्यामुळे एमडीसाठी सॉफ्ट स्टार्टर घ्या असं कोणी सांगितलं तर नको म्हणा. एमडी चढतो तो बरीच लोडं अर्धा तास एकत्र चालल्यामुळे.

ते कधी होतं हे अंदाजाने शोधायचं नाही, मीटरचा लोड सर्व्हे काढायचा. सबडिव्हिजनला अर्ज करून मीटरमधून उतरवलेला एमआरआय डेटा मागता येतो. एक्सेलमध्ये घेऊन केव्हीए कॉलम उतरत्या क्रमाने लावा आणि फक्त वरचे वीस स्लॉट बघा. इथे 350 च्या वरचे सगळे स्लॉट सोमवारचे निघाले, सकाळी सात ते साडेसात! सोमवार सोडला तर महिनाभरात एकही स्लॉट 340 च्या वर नाही. म्हणजे महिन्यातून चार सकाळी, आणि त्यासाठी 85 हजार.

सोमवारी सकाळी काय व्हायचं ते उघड होतं. रविवारभर बॅरल गार पडलेले, सात वाजता ऑपरेटर आले की दहाही मशीनचे हीटर एकदम ऑन, ते साधारण 180 किलोवॅट. हॉपर ड्रायर 60. चिलरचं पाणी रविवारी गरम झालेलं, म्हणून चिलर फुल लोडवर 55. दोन्ही कॉम्प्रेसर रिसीव्हर भरायला 74. लाइट, पंप आणि बाकी किरकोळ 22. बेरीज 391 किलोवॅट, त्या वेळचा पीएफ 0.95, म्हणून 412 केव्हीए. हाच पीएफ 0.99 झाला तरी 395 होतात, म्हणजे कपॅसिटरने फक्त 17 केव्हीए सुटतात. उरलेले 45 वेळापत्रकानेच सुटणार, हे मालकांना आधीच स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर पॅनेल दुरुस्त करून पण एमडी का क्रॉस झाला म्हणून वाद होतो.

बॅरल तापताना हीटर पूर्ण पॉवर घेतात, पाऊणएक तासाने सेट टेंपरेचर आलं की सरासरी साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतात. म्हणून पाच मशीनच्या हीटरला टायमर लावून सव्वासहाला सुरू केले, उरलेल्या पाचचे सातला. पहिल्या पाचचे तोपर्यंत 90 वरून 30 वर आलेले असतात. चिलर पावणेआठनंतर, दुसरा कॉम्प्रेसर मोल्डिंग खरंच सुरू झाल्यावर. यात एक काळजी घ्यायची: हीटर चालू असताना फीड थ्रोटचं कूलिंग पाणी फिरतं पाहिजे, नाहीतर हॉपरखाली दाणा वितळून गठ्ठा होतो. त्यासाठी चिलर लागत नाही, कूलिंग टॉवरचा लहान पंप आधी सुरू केला की भागतं, पण टायमर लावताना हा पंप विसरला तर पहिल्याच सोमवारी चार मशीन उघडून बसावं लागेल.

एमडी कंट्रोलर पण लावला, 315 केव्हीएला हूटर आणि 335 ला ड्रायर व दुसरा कॉम्प्रेसर थोडा वेळ कट. कंट्रोलरची अर्ध्या तासाची खिडकी महावितरणच्या मीटरच्या घड्याळाशी जुळवून घ्या. मीटरचा स्लॉट 7:30 ला सुरू होतो आणि तुमचा 7:40 ला, तर कंट्रोलर 340 दाखवेल आणि मीटरला 360 लागलेले असतील, मग पुन्हा मीटर खराब असल्याची ओरड.

काँट्रॅक्ट डिमांड 420 करून टाका असा सल्ला पण त्यांना मिळाला होता. महिनाभर रोजच 400 लागत असते तर मी पण तेच सांगितलं असतं. चार सकाळींसाठी काँट्रॅक्ट वाढवलं की मंदीच्या महिन्यातला किमान तळ पण वर सरकतो, आणि तो बारा महिने भरावा लागतो.

पुढच्या पूर्ण महिन्याचं बिल आलं तेव्हा लॅग 10,500, लीड 2,500, केडब्ल्यूएच जवळपास तेवढंच. केव्हीएएच 91 हजारांच्या आत, पीएफ 0.99, एमडी 338. उरलेलं लीड पहाटेच्या तासांत येतंय, तिथे 10 चा फिक्स पण थोडा जास्त पडतोय असं दिसतं, तो 5 वर आणून बघायचं ठरलंय.

हे पुन्हा बिघडणारच आहे, काँटॅक्टर परत चिकटतात, कपॅसिटर मरतात, म्हणून बिलाची वाट बघू नका. रोज सकाळी आठ वाजता मीटरवरून केडब्ल्यूएच, लॅग आणि लीड हे तीन आकडे वहीत लिहायचे, कालचे वजा करायचे, मल्टिप्लाइंग फॅक्टरने गुणायचं. साध्या दिवशी लीड शे-दोनशेच्या वर गेलं किंवा सोमवारी सकाळी रविवारचा आकडा फुगलेला दिसला की त्याच दिवशी क्लॅम्प मीटर घेऊन पॅनेलपाशी जायचं. मीटरवरचा एमडी पण त्याच पानावर लिहा, तो आठवड्याच्या मधे अचानक वाढला तर आदल्या दिवशी काय एकत्र चाललं हे सुपरवायझरला तेव्हा आठवतं, बिल हातात येईपर्यंत कोणालाच आठवत नाही.